वडाच्या कवितेत आधी वड वाचायला हवा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत वृक्षतोडीवरच्या कवितांविषयी जो लेख आला, त्यात दिलीप चित्रे यांच्या इंग्रजी कवितेचा उल्लेख आहे. टेकडीवरच्या घराभोवतीची झाडं वडील तोडायला लावतात, शेवटी अवाढव्य वडाचीही पाळी येते आणि मग कुटुंब बडोदा सोडून मुंबईला जातं, ती ही कविता. लेखात तिच्याकडे मुळं तुटलेल्या माणसांची कविता म्हणून पाहिलं आहे. आम्हा बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मराठी माणसांना हा अर्थ चटकन भिडतो, कारण मुळं, माती, भाषा हे शब्द ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. मी बेळगावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. "वड कशाचं प्रतीक आहे?" हा प्रश्न वर्गात टाकला की उत्तरं तयारच असायची : परंपरेचं, घराण्याचं, मातृभूमीचं. ही उत्तरं खोटी नाहीत. पण त्यांत वड कुठंच नसतो. पर्यावरणाच्या अंगानं कविता वाचायची म्हणजे प्रतीकाकडे जाण्याआधी झाडापाशी थांबायचं. या कवितेत थांबण्यासारखं खूप आहे.

तोडीचा क्रमच पाहा. शेवगा, औदुंबर आणि कडुनिंब एका ओळीत संपतात. इंग्रजी कवितेतही शेवगा आणि औदुंबर ही नावं कवीनं मराठीच ठेवली आहेत. एक भाजीचा, एक दत्ताचा, एक गुढीपाडव्याचा. म्हणजे ही घरातली झाडं, आणि ती पाडायला काहीच वेळ लागत नाही. वड मात्र अडून बसतो. घराच्या तिप्पट उंची, बुंध्याचा घेर पन्नास फूट, तीस फुटांवरून जमिनीकडे आलेल्या पारंब्या. म्हणून आधी फांद्या छाटतात. ते काम सात दिवस चालतं, फांद्यांचा ढीग लागतो, आणि नेमकं या ठिकाणी कवी सांगतो की किडे आणि पाखरं झाड सोडून जाऊ लागली. त्यानंतर पन्नास माणसं कुऱ्हाडी घेऊन बुंध्याला भिडतात.

पाखरं गेली तेव्हा बुंधा उभाच होता. लाकूडतोड्याच्या हिशेबात खरं काम अजून सुरू व्हायचं होतं, पण त्या झाडावर जे जगत होते त्यांच्यापुरता वड सातव्या दिवशीच संपला होता. कवितेतला हा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

हे नीट कळायला वडाचं फळ फोडून पाहायला हवं. वडाला फूल येत नाही असं आपण म्हणतो, पण त्याची फुलं त्या लहान लाल फळाच्या आतच असतात. फळ अगदी कोवळं असताना टोकाच्या बारीक छिद्रातून एक इवलीशी माशी आत शिरते. ही गांधीलमाशीच्या गोतातली, पण डासाहूनही लहान. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. अंगावरचा पराग आतल्या फुलांना लागतो, काही फुलांत ती अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात आणि फळाच्या भिंतीला भोक पाडून वाट करून देतात. माद्या पराग घेऊन उडतात. त्यांच्या हाती वेळ असतो एखाद-दोन दिवसांचा. तेवढ्यात त्यांना कोवळी फळं धरलेला दुसरा वड गाठावा लागतो. पिकायला आलेलं फळ हलक्या हातानं फोडून तळव्यावर झटका, माशी सुटी होऊन चालू लागते. वर्गातल्या मुलांना मी हे दाखवायची. कवितेतल्या त्या एका ओळीवर नंतर कुणी घाई करत नसे.

ही माशी वाऱ्यावर पुष्कळ दूर जाते, म्हणून एखादा वड गेला की ती लगेच संपते असं नाही. पण तिला वर्षाचे बाराही महिने कुठल्या ना कुठल्या वडावर कोवळी फळं लागतात. त्यामुळे एका परिसरातले वड एकाच वेळी फळत नाहीत, आणि म्हणूनच बाकीच्या झाडांवर काही नसतं त्या दिवसांत तांबट, हरियाल, साळुंक्या, कोकीळ आणि रात्री वटवाघळं यांना वडावर खायला मिळतं. रस्त्याच्या दोन्ही कडांचे वड एका दमात तोडले तर ही पाळीच मोडते. बेळगावहून खानापूरकडे जाणारा रस्ता रुंद होण्याआधी ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणते ते वेगळं सांगायला नको.

आता एक उभा वड दाखवते. आमच्या बाजूला रस्त्याच्या कामात एक जुना वड तोडायचा नाही, दुसरीकडे नेऊन लावायचा असं ठरलं. लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं. फांद्या साफ छाटल्या, मुळं आखडती घेतली, बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि क्रेननं उचलून नव्या खड्ड्यात बसवला. वड चिवट असतो, त्यामुळे तो जगला. कापलेल्या टोकांशी तांबूस कोंब आले, पुढं पानं झाली. कागदावर ते झाड वाचलं आहे. पण फळ धरायला जुन्या फांद्यांचा विस्तार लागतो आणि तो परत यायला वर्षं जातात. त्या वडावर अजून मी एक फळ पाहिलेलं नाही, खाली बिया पडलेल्या नाहीत, विष्ठेचे डाग नाहीत. वटपौर्णिमेला बायका त्याला दोरा गुंडाळून येतात, ते चांगलंच आहे. पण पाखरांच्या दृष्टीनं तो कवितेतल्या सातव्या दिवसावरच थांबलेला वड आहे. पुनर्रोपण करूच नये असं मी म्हणत नाही. तोडण्यापेक्षा ते शतपटीनं बरं. फक्त बुंधा हलवला म्हणजे झाड हलवलं, हा समज खरा नाही आणि कवितेनं तो आधीच खोडून ठेवला आहे.

दुसरी गोष्ट वयाची. बुंधा कापल्यावर दोनशे वर्षांची वलयं दिसली असं कवितेत येतं. झाडांची जाण असलेला माणूस इथं अडखळेल. सागाच्या लाकडात वर्षाची वलयं बऱ्यापैकी मोजता येतात, पण वडात ती स्पष्ट उमटत नाहीत. शिवाय पन्नास फूट घेराचा वडाचा बुंधा एकसंध क्वचितच असतो. पारंब्या जमिनीत रुजतात, जाड होतात, एकमेकींना आणि मूळ खोडाला चिकटत जातात. अशा बुंध्याची वलयं एका केंद्राभोवती मोजणार तरी कशी? म्हणजे दोनशे हा आकडा वनस्पतिशास्त्राचा नाही. पाहणाऱ्या मुलाला जो थरकाप झाला त्याचा तो आकडा आहे. कवितेला चूक ठरवायला मी हे लिहीत नाही. कवितेतली आजी म्हणायची की झाडं पवित्र असतात आणि ती तोडणं हा गुन्हा आहे. तिला वडाचं मोठेपण कापल्याशिवाय कळलेलं होतं. बाकीच्यांना ते कापल्यानंतर दिसलं, तेही भीतीनं आणि कुतूहलानं बघत उभं राहिल्यावर. वड त्यांच्यापुढं अडचण म्हणून उभा होता तोवर त्याचं वय कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला बसले तो. ही कविता वडानं सुरू होत नाही. ती सुरू होते भाडेकरूंनी. टेकडीवर घराभोवती जी घरं होती त्यांत राहणाऱ्यांना वडील निघून जायला सांगतात, एकेक घर पाडलं जातं आणि उरतं ते आपलं घर आणि झाडं. कवितेत असं तीनदा कुणीतरी जातं. आधी भाडेकरू जातात, मग किडे-पाखरं जातात, शेवटी घरमालकाचं कुटुंब जातं. पहिल्या दोघांना घालवलेलं आहे, तिसरे आपल्या ठरावानं गेले आहेत. कवितेच्या शेवटी येणारा, स्वप्नात वाढणारा, जमीन शोधत पारंब्या सोडणारा वड फक्त तिसऱ्यांच्या वाट्याला येतो. भाडेकरू कुठं गेले, पाखरं कुठं गेली, यावर कविता पुढं एक अक्षर बोलत नाही.

आपण मुळं तुटलेल्यांची कविता म्हणून ती वाचतो तेव्हा नकळत त्या तिसऱ्यांच्या जागी उभे राहतो. चित्रे बडोद्यात 1938 साली जन्मले आणि त्यांचं कुटुंब 1951 मध्ये मुंबईला आलं, हा चरित्राचा धागा त्या वाचनाला बळ देतो. मुंबईत झाडंच नाहीत असं कवितेत म्हटलं आहे, तेही याच जागेवरून. त्या मुंबईत बोरिवलीचं जंगल होतं, आरे होतं, गल्लोगल्ली पिंपळ होते. पण आपला वड मागं टाकून आलेल्याला ते दिसले नाहीत. हे दुःख खरं आहे. तरी झाड तोडण्याचा हुकूम ज्या घरातून निघाला त्याच घराचं ते दुःख आहे. "आम्ही" बघत राहिलो, असं सांगताना कवीनं स्वतःला त्यातून बाहेर काढलेलं नाही. लेखात मात्र त्याला अलगद बाहेर काढलं आहे, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही.

आमच्याकडे रस्ता, वसाहत, कारखाना आला की पडणाऱ्या झाडांची यादी होते. तीत झाडाची जात असते, घेर असतो. वडाचं लाकूड इमारतीच्या कामाचं नाही, म्हणून ते जळणाच्या भावात जातं. झाडावर त्या महिन्यात फळं होती का, ढोलीत घरटं होतं का, सावलीत कुणाची चहाची टपरी किंवा चांभाराची बैठक होती का, याला त्या यादीत रकाना नसतो. आपले वार्ताहर वृक्षतोडीची बातमी देताना पडलेल्या झाडांचा आकडा देतात. त्या जोडीला एवढं विचारून लिहिलं, तर पुढच्या वेळी या कवितेवर लेख लिहिणाऱ्याला पहिली ओळ ओलांडून थेट शेवटच्या ओळीवर जाता येणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका,
खानापूर, जि. बेळगाव