बाबा, तीन लाखांचा हिशेब

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलले असते तर बाबा, तुम्ही पहिल्याच वाक्याला ‘असू दे गं’ म्हणून विषय संपवला असता. म्हणून लिहिते आहे. फीसाठी मुदत ठेव मोडून तुम्ही दिलेले तीन लाख मी परत करणार आहे. ते ठरलं आहे. तुम्ही फक्त हप्त्यांना हो म्हणायचं. यात परकेपणा नाही हो. ती ठेव तुमच्या निवृत्तीनंतरची होती. आत्याच्या वेळी सगळं तोंडीच राहिलं आणि पुढे काय झालं ते आपण पाहिलं आहे. आपल्यात तसं नको, म्हणून कागदावर.

व्याज सहा टक्के धरलं आहे, ठेवीवर तुम्हाला मिळत होतं तेवढंच. ‘पोटच्या पोरीकडून व्याज घ्यायचं?’ असं आई म्हणेल. पण आई, ठेव मोडली नसती तर ते पैसे तुमच्या हातात आलेच असते ना? मी तुमचं नुकसान तेवढं भरून काढते आहे. मात्र व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच लावायचं. पूर्ण तीन लाखांवर तीन वर्षं सरसकट लावलं तर ते 54,000 होतं. फेडलेल्या पैशावरही व्याज लावण्यासारखं आहे ते. घटत्या मुद्दलावर तेच साधारण 28,500 होतं.

शिक्षण संपेपर्यंत मी दरमहा 1,500 पाठवीन. तीन लाखांचं एका महिन्याचं व्याज तेवढंच होतं, त्यामुळे मुद्दल कमी झालं नाही तरी फुगणार नाही. हे पैसे मी घेत असलेल्या शिकवण्यांचे आहेत. पोटाला चिमटा काढून देत नाहीये, आई. दोन्ही वेळा नीट जेवते, झोपतेही वेळेवर.

नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने तेच 1,500 चालू राहतील. सुरुवातीला घराचं डिपॉझिट आणि सामान यांतच पगार जाईल, आणि झेपणार नाही असा हप्ता कबूल करून तो चुकवायची पाळी मला नको. चौथ्या महिन्यापासून दरमहा 9,127, असे 36 हप्ते. पहिल्या हप्त्यात 1,500 व्याज आणि 7,627 मुद्दल, म्हणजे बाकी 2,92,373. दुसऱ्या महिन्याचं व्याज या बाकीवर, 1,462. हप्ता तोच, पण त्यातला मुद्दलाचा वाटा दर वेळी थोडा वाढत जातो. वर्षाच्या शेवटी बाकी साधारण 2,06,000 असेल. तेव्हा बोनस मिळून जास्तीचे 50,000 भरता आले, तर हप्ता कमी करायचा नाही. मुदत कमी करायची. मग उरलेल्या 24 हप्त्यांऐवजी 18 हप्त्यांतच फिटतं.

नोकरी लांबली तर 1,500 चालूच राहतील, आणि नवी तारीख मी स्वतः सांगेन. एखादा हप्ता चुकणार असेल तर महिना संपायच्या आत कळवीन. तो शेवटी जोडायचा आणि मधल्या काळाचं व्याज धरायचं. सलग दोन चुकले तर मात्र वेळापत्रक झेपत नाहीये असं समजायचं आणि आकडे नव्याने मांडायचे. मनात ठेवून गप्प बसायचं नाही, तुम्हीही आणि मीही. उलट तुम्हाला मध्येच मोठी रक्कम लागली तर संकोच न करता सांगा. गरज लागली तर मी बँकेचं कर्ज काढीन, पण तुमचं अडणार नाही.

लहानपणी महिनाअखेरीला तुम्ही जमाखर्चाची वही उघडलीत की मी मांडीवर येऊन बसायचे. बेरीज जुळली की तुम्ही खाली दोन रेघा मारायचात, आणि दुसरी रेघ नेहमी मला ओढू द्यायचात. वाकडी आली तरी खोडली नाहीत कधी. या हिशेबाला त्याच वहीत एक पान द्या: तारीख, हप्ता, व्याज, मुद्दल, बाकी. पैसे खात्यावरच येतील, म्हणजे नोंद दोन्हीकडे राहील. ताईलाही ते पान दाखवा. तिला माहीत नसलेलं काही यात नको.

आता ऐका. हप्ते घरखर्चात मिसळायचे नाहीत. वेगळी आवर्ती ठेव उघडा, आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव लावा. माझे पैसे माझ्याच खात्यावर परत पाठवायचे नाहीत. पाठवलेत तर ते जास्तीचा हप्ता म्हणून पुन्हा तुमच्याकडे येतील. आणि बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘पैसे आले की बघू’ म्हणून ढकलू नका. तो पिकेपर्यंत थांबायची आता गरज नसते, आणि रात्री समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात हे तुम्हीच सांगितलंत. या आठवड्यात डॉक्टरांकडून तारीख घ्या. मी सुट्टी काढून येते. थेंब घालायचं वेळापत्रक माझ्याकडे, आई तू जागरण करायचं नाहीस.

आकड्यांत काही बदलावंसं वाटलं तर पेन्सिलने लिहून फोटो पाठवा. व्याज शून्य करणं सोडून बाकी सगळं बोलता येईल. पहिले 1,500 येत्या एक तारखेला पाठवते आहे.

तुमची,
छकुली