तुझी ती खर्चाची वही

अव्या,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही, चुकलंच माझं. तब्येत ठीक, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. लिहितोय ते परवा ऑफिसात जे झालं ते तुलाच कळेल म्हणून.

आमच्या खर्चाच्या ॲपची पहिली स्क्रीन विचारायची, "महिन्याचं उत्पन्न किती?" मग किराणा, प्रवास, सगळ्याला किती ठेवणार ते भरा. सगळं मीच लिहिलेलं. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना ॲप दिलं आणि बाजूला बसलो, तर त्या तिथंच अडल्या, "लग्नसराईतलं सांगू का पावसाळ्यातलं?" शेवटी काहीतरी १०,००० टाकले, किराण्याला अंदाजे २,०००. दुसऱ्या दिवशी तेलाचा डबा आणला, किराण्याची पट्टी लाल, वर "बजेट ओलांडलं". त्यांनी ॲपच काढून टाकलं. अरे, तो आकडा त्यांचा नव्हताच, आम्ही वदवून घेतलेला!

तेव्हा तुझी वही आठवली. तू रूमवर कधी बजेट केलं नाहीस, रात्री फक्त दिवसाचा खर्च लिहायचास, आणि मी भांडायचो की प्लॅन नसेल तर हिशोब कशाला. तूच बरोबर होतास. (माझे ४० रुपये मात्र अजून तुझ्याकडेच आहेत, वहीत बघ.)

आता पहिली स्क्रीन एवढंच विचारते, "शेवटचा खर्च कशावर झाला?" खाली चहा, रिक्षा, किराणा, दुसरं काही. रक्कम टाकली की "चहा, २० रुपये. लिहून ठेवलं." बजेट आठवड्याभराच्या नोंदी जमल्यावर, म्हणजे आकडा त्यांच्याच खर्चातून सुचवता येतो.

नोटिफिकेशनची परवानगीही आम्ही ॲप उघडल्या उघडल्या मागायचो. अँड्रॉइड १३ पासून ती मागावीच लागते आणि माणसानं दोनदा नाही म्हटलं की फोन परवानगीची चौकट परत दाखवतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन कोण चालू करतंय? म्हणून आता पहिली नोंद झाल्यावर आधी आमचीच स्क्रीन येते, "रोज रात्री आठवण करू? वेळ तुम्ही सांगा." तिथं "आत्ता नको" म्हटलं तर फोनची चौकट आणतच नाही, पुढं विचारायची संधी राहते.

माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या आठवणीच्या ओळीत. "तुम्ही आज खर्च नोंदवला नाही" या ओळीवर ॲप जास्त लोक उघडतात म्हणून टीमला तीच हवी, पण त्यातले बरेच नोंद न करताच बंद करतात. मी म्हणतो दुसरी नोंद किती जणांनी केली ते मोजा, नुसतं उघडणं काय मोजायचं! माझी ओळ आहे, "काल चहा २० रुपये. आज काय काय झालं?" पण कुलूप लावलेल्या स्क्रीनवर कालचा खर्च घरच्यांनी वाचला तर? चहाचं ठीक आहे, औषधाचं असलं तर? म्हणून तीही अडकलीय.

नवीन घर लागलं का? चिऊची शाळा सुरू झाली असेल, वहिनींना नमस्कार सांग. आणि खरं सांग, रात्री साडेनऊला, दमून आल्यावर, कुठल्या ओळीनं तू वही उघडशील?

तुझाच,
पक्या