डीडी की बँकर्स चेक?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फ्लॅटवाले काका बारा लाखांसाठी तुझा चेक नको म्हणतात, म्हणून तू चिडलीस. पण त्यांच्या बाजूने बघ. रजिस्ट्रारसमोर सही झाली की घर त्यांच्या हातून गेलं, आणि तुझा चेक वटेल की नाही ते नंतर कळणार. डीडी किंवा बँकर्स चेकचे पैसे बँक तुझ्या खात्यातून आधीच काढून घेते. त्यामुळे ‘खात्यात शिल्लक नाही’ म्हणून तो परत येत नाही.

दोघांत फरक एवढाच, की डीडी एक शाखा दुसऱ्या शाखेवर काढते, म्हणून त्यावर ‘पुणे येथे देय’ असं गाव लिहावं लागतं. बँकर्स चेक, म्हणजेच पे ऑर्डर, शाखा स्वतःवरच काढते आणि तो मुख्यतः त्याच गावात वापरतात. हल्ली क्लिअरिंग चेकच्या फोटोवर होतं, त्यामुळे हा फरक पुसट झालाय. तुझं खातं नाशिकचं, काकांचं पुण्याचं, तेव्हा पुण्यावरचा डीडीच काढ. कॉलेजं आणि सरकारी कचेऱ्या मात्र जे छापलंय तेच मागतात, तिथे वाद घालू नये.

शाखेत डीडीचा अर्ज भर आणि सोबत ‘युवरसेल्फ फॉर डीडी’ असा चेक दे. कमिशन आणि त्यावरचा जीएसटी वेगळा कापतील. रोख घेऊन जाऊ नकोस, पन्नास हजार आणि त्यावरचा डीडी रोखीने मिळतच नाही. नाव काकांच्या पासबुकावर आहे अगदी तसंच लिही. फ्लॅट काका-काकूंच्या जोडनावावर आहे ना? मग एकच डीडी हवा की दोन, हे वकिलांना आधी विचार. नाव चुकलं तर खाडाखोड चालत नाही, डीडी रद्द करून नवा काढावा लागतो.

डीडीचा नंबर, तारीख, बँक, शाखा हे सगळं खरेदीखतात छापलं जातं. म्हणून खत छापायच्या आधी डीडी हातात हवा. लोक उलट करतात आणि मग रजिस्ट्रेशनच्या दिवशी धावपळ होते. छापील नाव, रक्कम आणि सह्या काउंटरवरच तपासून घे. २०१८ पासून डीडी काढून घेणाऱ्याचं, म्हणजे पैसे भरणाऱ्याचं नावही त्यावर येतं, ते तुझंच आहे ना तेही बघ.

रजिस्ट्रेशन पुढे गेलं तर घाबरू नकोस. डीडी तारखेपासून तीन महिने चालतो. व्यवहार फिसकटला तर मूळ कागद शाखेत देऊन रद्द कर, पैसे खात्यात परत येतील. मात्र मूळ कागद काकांकडे गेला की हे तुझ्या हातात राहत नाही. म्हणून झेरॉक्स आधीच काढून ठेव आणि सह्या झाल्यावरच, पोच घेऊन, डीडी दे. काकांना खात्री करायची असेल तर त्यांनी शाखेचा नंबर स्वतः शोधून फोन करावा. खोटे डीडीही फिरतात, तेव्हा काकांचा संशय मनाला लावून घेऊ नकोस.

रजिस्ट्रेशन सोमवारी आहे ना? चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा डीडी गुरुवारीच काढ.

तुझे,
बाबा