पासबुकात नसलेली बचत

माननीय संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील महिला मेळाव्याच्या वृत्तात 'बचत गटांना बचतीच्या चौपट कर्ज' हा मथळा वाचला. व्यासपीठावरील मान्यवरांनी चौपट कशाची हेही सांगितले असते, तर आमच्या खानापूर तालुक्यातील बायकांचे हेलपाटे वाचले असते.

आमच्या गटात 12 महिला असून प्रत्येकीने दरमहा 200 रुपये याप्रमाणे दोन वर्षांत 57,600 रुपये जमवले. हे पैसे आम्ही बँकेत निजवून ठेवले नाहीत. कुणाला भाताच्या रोप लावणीला, कुणाला मुलाच्या फीला, असे ते आपसांत कर्जाऊ फिरवले आणि त्यावरच्या व्याजाचे 7,400 रुपये गटाचे झाले. एकूण भांडवल 65,000. त्यातील 54,000 आज सभासदांकडे येणे आहे आणि पासबुकात 11,000 शिल्लक दिसते.

शाखाधिकाऱ्यांनी पासबुकाचे शेवटचे पान तेवढे पाहिले, चाराने गुणले आणि 44,000 रुपये देऊ केले. वाटणीला प्रत्येकी चार हजारही येत नाहीत. एवढ्यात दुभती म्हैस सोडाच, फार तर तिचे दावे येईल. कर्ज खातेवही मी उघडून पुढे ठेवली असता, "हे पैसे तर तुम्ही वाटून टाकलेत," असे उत्तर मिळाले. सगळी येणी वसूल करून खात्यात भरा, मग या, असा सल्लाही वर मिळाला.

वास्तविक नाबार्डच्या पद्धतीत गटाची बचत मोजताना खात्यातील शिल्लक, हातातील रोकड, सभासदांना दिलेले अंतर्गत कर्ज आणि त्यावर मिळालेले व्याज हे सारे धरतात. त्या हिशेबाने आमची मर्यादा 2,60,000 पर्यंत जाते. तेवढे द्यायचे की कमी, हे बँकेने जरूर ठरवावे. पण 65,000 चे 11,000 करण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला? शिवाय नियमित अंतर्गत कर्जवाटप आणि वेळेवर परतफेड ही गटाची पत ठरवणाऱ्या पंचसूत्रीतलीच दोन सूत्रे आहेत. पैसे फिरवले तर शिल्लक कमी म्हणून कर्ज नाही, न फिरवले तर गट निष्क्रिय म्हणून कर्ज नाही, अशी ही मोठी सोयीची व्यवस्था आहे.

खाते उघडतानाही हाच अनुभव होता. बचत खात्यासाठी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार या पदाधिकाऱ्यांची ओळखपडताळणी पुरेशी असल्याचे रिझर्व्ह बँक सांगते. आमच्याकडे मात्र बाराही जणींची कागदपत्रे मागून, एकीच्या आधार कार्डावर माहेरचे नाव आहे म्हणून सर्वांना परत पाठवले. आणि गटाचा मराठीत लिहिलेला ठराव शाखेत कुणाला वाचता येत नाही, तर मराठी गावांच्या मधोमध असलेल्या शाखेत तो वाचू शकणारा एक कर्मचारी नेमणे इतके अवघड आहे काय?

पुढच्या मेळाव्याचे वृत्त छापताना आपल्या प्रतिनिधीने जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला एवढेच विचारावे, की शाखांना बचत मोजण्याची ही रीत लेखी कळवली आहे की नाही. उत्तर मिळाल्यास ते पहिल्या पानावर छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एका महिला बचत गटाची सचिव,
खानापूर तालुका, जि. बेळगाव