मंदार, ती दोन तिकिटं रद्द कर

ऐरोली, नवी मुंबई
१५ फेब्रुवारी २०२६

प्रिय मंदार,

तुझा निरोप मिळाला. सकाळचं विमान नागपूरहून नवी मुंबईला, दुपारचं सहारहून म्युनिकला, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढून सहा हजार वाचवले, मध्ये साडेचार तास आहेत, काळजी नको. वाचून मी कपाळाला हात लावला. फोनवर बोललो असतो तर तू "हो रे बाबा" म्हणून क्रिकेटवर गेला असतास, म्हणून लिहून पाठवतोय. गेल्या महिन्यात परतताना माझं काय झालं ते तुला नुसतं "रात्रभर अडकलो" एवढंच माहीत आहे. आता सगळं ऐक.

म्युनिकहून माझं विमान दुपारी अडीचला होतं. आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर रात्री साडेदहाला उतरायचं आणि १२:२० चं मुंबईचं विमान पकडायचं. मध्ये एक तास पन्नास मिनिटं. सगळे चढलो, पट्टे बांधले आणि विमान जागचं हलेना. पायलटने सांगितलं, सामानाच्या कप्प्याचं दार बंद आहे, पण सेन्सर ते उघडं दाखवतोय. मला हसूच आलं. त्याच रोगावर तीन आठवडे पॅकिंग मशिनशी झुंजून मी परत निघालो होतो. दार नीट बसलेलं, वायरिंग नीट, आणि सेन्सर मिलिमीटरभर सरकलेला. मशिनवर आपण सेन्सर पुढेमागे करून चाचणी घेतो आणि चालू करतो. विमानात प्रत्येक गोष्टीची नोंद, सही आणि पुन्हा तपासणी. निघायला चार वाजून पंचवीस मिनिटं झाली. हवेत वीसेक मिनिटं भरून निघाली, तरी चाकं जमिनीला लागली तेव्हा तिथे १२:०५ झाले होते. गेट बारालाच बंद झालं होतं. शिवाय आमचं विमान लांब उभं केलं, तिथून बस. बसच्या काचेतून शेपटांची रांग दिसत होती, आणि त्यातलं एक आपलं असेल या आशेवर मी उगाच नजर ठेवून होतो. कुर्ल्याला शेवटची कर्जत डोळ्यांदेखत सुटल्यावर जसं वाटतं ना, अगदी तसं.

ट्रान्सफर डेस्कवर साठेक माणसं आणि चारपैकी दोनच खिडक्या चालू. ॲप उघडून पाहिलं तर त्याने मला आपोआप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या विमानात टाकलेलं. रांगेतले कितीतरी जण तेवढं बघून सुटकेचा श्वास टाकून निघून गेले. मी उभा राहिलो, कारण मधल्या वेळात सकाळी ८:४५ चं एक विमान होतं हे मला माहीत होतं. घरी पहाटेचे तीन. बाबा जागेच. ते म्हणाले, "तू रांग सोडू नकोस, मी इकडून कंपनीला फोन लावतो." अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. फोनवरची मुलगी म्हणाली होती की सुटायला थोडेच तास उरलेल्या विमानाची यादी विमानतळावरच्या लोकांच्या हातात जाते, तिथे तिला काही करता येत नाही. म्हणजे रांगेला पर्याय नव्हता.

माझ्या पुढे नाशिकचा एक मुलगा होता. मिलानहून आलेला, त्याचंही मुंबईचं विमान चुकलं होतं. त्याची दोन तिकिटं वेगवेगळी होती, दोन वेगळ्या कंपन्यांची, एका स्वस्त तिकिटांच्या साइटवरून काढलेली. अगदी तुझ्यासारखंच. खिडकीतल्या बाईंनी त्याचं तिकीट उघडलं तर त्यांना प्रवास तिथेच संपलेला दिसत होता. त्यांच्या दृष्टीने त्याचं काहीच चुकलं नव्हतं, दीड तास उशिरा का होईना, तो मुक्कामाला पोचला होता. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो वेळेवर न आलेला प्रवासी, म्हणजे त्याचं तिकीट बुडीत. त्यातून बॅगेच्या चिठ्ठीवर त्याच विमानतळाचं नाव. ती बाहेरच्या बेल्टवर फिरत होती, आणि बाहेर पडायचा व्हिसा याच्याकडे नव्हता. बाईंनी फोन करून एका माणसाला बॅग आणायला पाठवलं, नव्या तिकिटाचा आकडा कागदावर लिहून दिला. तो आकडा बघून पोराचा चेहरा उतरला. मी पाहू नये म्हणून दुसरीकडे बघितलं.

मग माझी पाळी. बाई नेपाळच्या, चाळिशीतल्या, हिंदी छान. आधी पासपोर्ट नाही मागितला, म्हणाल्या, "बॅगेची चिठ्ठी दाखवा." चेक-इनला बोर्डिंग पासच्या मागे ते जे छोटं स्टिकर चिकटवतात ना, जे आपण कचरा समजून फेकतो, ते. त्यावर दहा आकडे आणि मोठ्या अक्षरांत BOM. "बॅग मुंबईपर्यंत आहे, तिकीट एकच आहे, दोन्ही टप्पे त्याच नंबरवर. मग आता जबाबदारी आमची," असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की माझे खांदेच सैल झाले. नाशिकच्या पोराला जे मिळू शकलं नाही ते मला मिळायचं कारण एवढंच होतं, तिकिटाचा तेरा आकडी नंबर एक. माझं कर्तृत्व शून्य. तिकीट ऑफिसने काढलं होतं.

मी ८:४५ चं विचारलं. भरलेलं. मग त्यांनीच दुसरा रस्ता दाखवला. पहाटे ३:१० ला हैदराबाद, तिथे ९:४० ला उतरायचं आणि ११:१५ ला मुंबईचं देशांतर्गत विमान. मी लगेच हो म्हणणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. भारतात पहिल्यांदा जिथे उतरशील तिथे इमिग्रेशन, मग बेल्टवरून बॅग घ्यायची, कस्टम्स पार करायचं, बॅग पुन्हा द्यायची आणि परत सिक्युरिटी. हे सगळं पंचाण्णव मिनिटांत, आणि त्यात आधीचं विमान वेळेवर आलं तर. "मी तिकीट देऊ शकते, सिस्टिम देते. पण तुम्ही उद्या तिथल्या डेस्कवर उभे असाल." संगणक जे देतोय ते देऊन पुढचा प्रवासी बोलावणं त्यांना सोपं होतं. रात्रीचा दीड वाजलेला, मागे रांग, तरी त्यांनी थांबून हे सांगितलं. हे मी विसरणार नाही.

मग त्यांनी काय केलं ते नीट समजून घे, उपयोगी पडेल. संध्याकाळच्या विमानातली पक्की जागा तशीच ठेवली आणि शिवाय सकाळच्या विमानाच्या स्टँडबाय यादीत माझं नाव घातलं. पक्कं सोडायचं नाही आणि कच्च्याची आशाही सोडायची नाही. सकाळी सव्वासातला गेटवर हजर राहायचं, कारण नाव पुकारलं आणि माणूस नसला तर यादी लगेच पुढे सरकते. बॅग मात्र रात्री मिळणार नाही. ती आतल्या साठवणीत गेलेली, शोधून काढायला तासन् तास लागतात. तेव्हा औषधं, चार्जर, एक टीशर्ट हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. माझा चार्जर बॅगेत होता, हे तुला सांगायलाच नको.

हॉटेलचं त्या आपणहून बोलल्या नाहीत. मी विचारल्यावर म्हणाल्या, बाहेरच्या हॉटेलला व्हिसा बघावा लागेल, आतल्या हॉटेलात खोल्या थोड्या आहेत, लहान मुलंवाल्यांना आधी देतोय, तासाभराने या. तासाभराने गेलो. दिली. जेवणाचं कूपन, टूथब्रश आणि दाढीच्या सामानाची थैली, आणि मी मागितलं म्हणून उशिराचं कारण लिहिलेला शिक्क्याचा कागद. पावणेतीनला खोलीत शिरलो, बूट न काढताच झोपलो.

सकाळी गेटवर यादीत माझा पाचवा नंबर. आठ वाजले तरी काही नाही. कोणाचं तरी मागचं विमान उशिरा आलं असावं, काल रात्री माझं आलं तसंच. आठ वीसला पहिली चार नावं एका दमात पुकारली आणि मग बराच वेळ शांतता. मग माझं. कोणाच्या तरी चुकलेल्या जोडणीवर मी बसलो, हे आत गेल्यावर सुचलं आणि जरा चमत्कारिक वाटलं. दुपारी २:३५ ला मुंबईत उतरलो. मूळ वेळ सकाळी ६:१०.

आता त्या शिक्क्याच्या कागदाचं. युरोपियन संघातल्या विमानतळावरून निघालास, एकाच बुकिंगवर शेवटच्या मुक्कामाला तीन तासांहून जास्त उशीर झाला, आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसलं, तर त्यांच्या २६१/२००४ या नियमानुसार भरपाई मिळते. मुंबईएवढ्या लांबच्या प्रवासाला चार तासांपुढे उशीर झाला तर ती ६०० युरो. विमान कुठल्या देशाच्या कंपनीचं आहे ते तिथून निघताना बघत नाहीत. बर्फाच्या वादळाने उशीर झाला तर पैसे नाहीत, फक्त जेवण आणि मुक्काम. बिघडलेला सेन्सर सहसा कंपनीच्याच खात्यात जातो, म्हणून मी अर्ज टाकलाय. उत्तर आलेलं नाही. तुझं मात्र उलटं आहे. तू भारतातून निघणार, तेही युरोपातली नसलेल्या कंपनीने, तेव्हा जाताना हा नियम तुला लागू नाही. परतताना लागू होईल.

आणि तुझे ते साडेचार तास. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबरला सुरू झालं, मी इथे राहतो, मलाही कौतुक आहे. पण ते आणि सहार यांच्यात पस्तीस-चाळीस किलोमीटर रस्ता आहे, आणि तो दुपारी कसा असतो ते वाशीच्या पुलावर उभं राहून बघ. नागपूरचं धुकं जानेवारीतच संपतं असं समजू नकोस. तिथे दोन तास गेले, बॅग यायला अर्धा तास, रस्त्यात दीड तास, आणि परदेशी विमानाचं काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद. बेरीज तूच कर. शिवाय काही चुकलं तर तुझ्याकडे ट्रान्सफर डेस्क नसेल. टॅक्सीवाला असेल फक्त.

नागपूर ते म्युनिक एकाच तिकिटावर बघ, मुंबईतली जोडणी सहारहूनच असलेलं. ते फार महाग पडत असेल तर नागपूरचं विमान आदल्या संध्याकाळचं कर आणि रात्री आमच्याकडे ये. आईला सांगितलंय, ती भरली वांगी करणार आहे. बाबा सकाळी सोडतील, त्यांना तेवढंच निमित्त हवं असतं.

कधी येतोस ते लगेच कळव, म्हणजे वांगी आणायला सांगतो.

तुझा,
निखिल

ता. क. माझी बॅग माझ्याबरोबर आली नाही, संध्याकाळच्या विमानाने आली. बेल्टवरच तक्रार लिहून नंबर घेतला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी घरपोच मिळाली. ते स्टिकर तेव्हाही विचारलं.