तक्रार : जिभेखाली ठेवायची गोळी गिळली गेली, कारण स्ट्रिपवर ते वाचता येत नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
(आपल्या कंपनीचे मुख्य कार्यालय)

विषय : आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ५ मि.ग्रॅ. (सबलिंग्वल) या गोळीच्या स्ट्रिपवरील अपुऱ्या छपाईबाबत

महोदय,

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. हे पत्र मात्र ग्राहक म्हणून लिहिते आहे, कारण आपली गोळी आमच्या घरात विकत आणली गेली आणि ती चुकीच्या पद्धतीने घेतली जाण्याचे कारण तिच्या स्ट्रिपवरच आहे.

माझे धाकटे दीर तासगाव तालुक्यात राहतात. वय ६८, द्राक्षबाग आहे. त्यांना चालताना छातीत भरून येण्याचा त्रास आहे, आणि मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या आहेत. एक रोज गिळायची, दुखणे येऊ नये म्हणून. ती आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. दुसरी दुखायला लागल्यावर लगेच जिभेखाली ठेवायची; ती आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. दोन्ही आपल्याच कंपनीच्या. दोन्ही स्ट्रिपा चंदेरी, दोन्हींवर निळा पट्टा, दोन्ही नावांची सुरुवात एकच. गोळ्याही दोन्ही पांढऱ्या, गोल आणि लहान.

ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत बागेतून घरी येताना भाऊजींच्या छातीत दुखू लागले. सुनेने डब्यातली 'इमर्जन्सीची' म्हणून वेगळी ठेवलेली गोळी काढली आणि तांब्याभर पाण्याबरोबर त्यांना दिली. गोळी बरोबर होती. मात्र ती गिळली गेली. वीस मिनिटे झाली तरी दुखणे हलेना, तेव्हा पुतण्याने मला फोन केला. मी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कुठे ठेवली?" तो म्हणाला, "ठेवली कुठे? पाण्याबरोबर घेतली की, मोठी आई."

त्यांना बसवूनच ठेव, दुसरी गोळी जिभेखाली ठेव, तोंड कोरडे असेल तर आधी घोटभर पाण्याने ओले कर आणि लगेच १०८ ला फोन लाव, असे मी सांगितले. तीन-चार मिनिटांत दुखणे उतरू लागले. पण रुग्णवाहिका दारात आल्यावर भाऊजी उठून उभे राहिले आणि त्यांना अंधारी आली. पुतण्याने धरले म्हणून पडले नाहीत. रक्तदाब ९०/६० निघाला. मिरजेला ईसीजी आणि रक्ताची तपासणी झाली, झटका नव्हता. त्यांना दुसऱ्या दिवशी घरी सोडले.

यात काय झाले ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या ग्राहक सेवेतल्या मुलीने मला फोनवर "गोळी तीच आहे, पोटात गेली तरी काम करतेच" असे उत्तर दिले.

जिभेखालची त्वचा पातळ असते आणि तिथल्या शिरांतले रक्त थेट हृदयाकडे जाते. तिथे विरघळलेले औषध दोन ते पाच मिनिटांत काम सुरू करते. तीच गोळी गिळली की आतड्यातून ती आधी यकृतात जाते, आणि डायनायट्रेटचा बराच भाग यकृत तिथेच मोडून टाकते. जे उरते ते रक्तात येऊन परिणाम दाखवायला साधारण अर्धा ते एक तास घेते. छातीत दुखणाऱ्या माणसासाठी हा अर्धा तास म्हणजे घरी थांबून राहण्याचा अर्धा तास. "गोळी दिली आहे, बघू थोडा वेळ," असे घरचे म्हणतात आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. नियम असा आहे की जिभेखाली गोळी ठेवल्यावर पाच मिनिटांत दुखणे कमी झाले नाही, तर ते साधे दुखणे न समजता रुग्णवाहिका बोलवायची. गोळी गिळलेली असेल तर ही पाच मिनिटांची कसोटीच लावता येत नाही. गोळी लागू पडत नाही की अजून पोहोचलीच नाही, हे घरच्यांना कसे कळणार?

भाऊजींना आलेली अंधारीही त्यातलीच. ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून रक्तदाब उतरतो, आणि म्हणूनच गोळी बसून घ्यायची असते. गिळलेल्या गोळीचा उरलेला भाग उशिरा रक्तात आला, तेव्हाच जिभेखालच्या गोळीचे कामही चालू होते. दोन्हींचा परिणाम एकत्र आला आणि नेमके त्याच वेळी ते उभे राहिले.

मोनोनायट्रेटचे तसे नाही. यकृत त्याला जाताजाता मोडत नाही, म्हणून ती गोळी गिळूनच घ्यायची. म्हणजे एकाच डब्यात, एकाच कंपनीच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्ट्रिपा. एक गिळली तरच योग्य, दुसरी गिळली तर जवळजवळ वाया. गोळी हातावर घेऊन हा फरक मलाही सांगता येणार नाही, आपल्या कारखान्यातल्या माणसालाही नाही. तो फरक फक्त स्ट्रिपवर असतो. म्हणून माझी सगळी तक्रार त्या स्ट्रिपवर आहे.

ती स्ट्रिप आता माझ्यासमोर आहे. गावाकडच्या मेडिकलमधून पुतण्याने चार गोळ्या कापून आणल्या होत्या. आपण 'सबलिंग्वल' हा शब्द पूर्ण स्ट्रिपवर फक्त एकदा छापला आहे, तोही इंग्रजीत, 'ईच अनकोटेड सबलिंग्वल टॅबलेट कंटेन्स' या ओळीत, खसखशीएवढ्या अक्षरात. कापलेल्या तुकड्यावर त्या ओळीतला 'टॅबलेट कंटेन्स' एवढाच भाग आला आहे. महत्त्वाचा शब्द दुकानात राहिलेल्या तुकड्यावर गेला. बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही तिकडेच राहिली; बॅच नंबर सोबतच्या बिलाच्या प्रतीवर आहे. चंदेरी कागदावर काळ्या शाईची ही छपाई ट्यूबलाइटखाली चमकते, आणि वाचायला स्ट्रिप तिरकी धरावी लागते. सून बी.कॉम. झालेली आहे, इंग्रजी वाचते. पण जो शब्द तुकड्यावर नाहीच, तो ती वाचणार तरी कशी? दोष तिचा नाही. घरातले सगळे तिला बोलले, याचे मला फार वाईट वाटले.

'डोसेज : ॲज डायरेक्टेड बाय द फिजिशियन' असे छापले आहे, म्हणजे जबाबदारी संपली, असे आपल्याकडून सांगण्यात आले. डॉक्टरांनी सांगितले होते, चिठ्ठीवर लिहिलेही होते. पण दुखणे आले तेव्हा डॉक्टर मिरजेत, चिठ्ठी फायलीत आणि फाइल कपाटात होती. त्या वेळी हातात फक्त स्ट्रिप होती.

हे अशक्य नाही, कारण आपल्याच इतर गोळ्यांवर आपण ते करता. आपल्या झिंकच्या गोळीवर, जी जुलाब झालेल्या बाळांना देतात, 'डिस्पर्सिबल' हा शब्द नावाच्या लगेच खाली जाड अक्षरात आहे, नावामागे 'डीटी' आहे, आणि चमचा-पाण्याचे छोटे चित्रही आहे. आईला ती गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून पाजायची, हे चित्रावरूनच कळते. आपली व्हिटॅमिन सी ची फसफसणारी गोळी नळीत येते, झाकणात ओल शोषणारी पूड असते, आणि नळीवर पेल्याचे चित्र. ती कोरडी तोंडात टाकायची नाही, पूर्ण विरघळून फेस बसल्यावर प्यायची, हे कोणालाही कळेल. (त्या नळीवर सोडियमचे प्रमाण मात्र ठळक हवे. फसफसण्यासाठी त्यात सोडा असतो आणि रक्तदाबाचे रुग्ण ती सरबतासारखी रोज घेतात.) चावायच्या जंताच्या गोळीवरही 'च्युएबल' मोठे आहे. जंतनाशक दिनाला शाळांमधून अल्बेंडाझोल वाटताना आम्ही प्रत्येक मुलाला समोर चावायला लावत असू, कारण ती मोठी गोळी अख्खी गिळायला गेलेले मूल ठसकते.

म्हणजे ज्या गोळ्यांमध्ये चूक झाली तर थोडे बिघडते, तिथे आपण चित्र काढता. आणि ज्या गोळीत मिनिटे मोजावी लागतात, तिच्यावर ते एका ओळीत दडवता. हे मला पटत नाही आणि औषधाच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या कोणालाही पटणार नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. या गोळीच्या प्रत्येक कप्प्यामागे, म्हणजे एक गोळी कापली तरी तिच्याबरोबर जाईल असे, मराठीत आणि हिंदीत 'जिभेखाली ठेवा, गिळू नका' छापावे. आपला माल जिथे जातो त्या राज्याची भाषा घालणे जमत नसेल, तर निदान उघड्या तोंडाचे, वर उचललेल्या जिभेचे चित्र तरी द्यावे. चित्र कापले जाणार नाही इतके लहान आणि दिसेल इतके स्पष्ट असावे. डायनायट्रेट आणि मोनोनायट्रेट यांच्या स्ट्रिपांचा रंग वेगळा करावा; निळ्याची फिकट छटा म्हणजे वेगळा रंग नव्हे. चमकत्या कागदाऐवजी मंद पांढऱ्या पट्टीवर छपाई करावी. आणि कापून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आपल्या विक्री प्रतिनिधींना ठाऊक असतात, तेव्हा या गोळीची चार-पाचची छोटी पूर्ण स्ट्रिप काढावी, म्हणजे दुकानदाराला कात्री लावावीच लागणार नाही.

नवीन छपाई येईपर्यंत बाजारात असलेल्या मालासाठी दुकानदारांना चिकटवायच्या छापील चिठ्ठ्या पाठवाव्यात. त्यावर तीन वाक्ये पुरेत : बसून घ्या. जिभेखाली ठेवा, विरघळेपर्यंत चावू किंवा गिळू नका. पाच मिनिटांत दुखणे कमी न झाल्यास १०८ ला फोन करा. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर ही गोळी घेऊ नये, हेही त्याच चिठ्ठीवर यावे. संकोचामुळे ते कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही, पण दोन्ही एकत्र गेल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो.

मला भरपाई नको आहे. छपाई कधी बदलणार याची तारीख लेखी हवी आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र, स्ट्रिपच्या फोटोंसह, अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवीन.

आपली,
सेवानिवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
विश्रामबाग, सांगली

सोबत : कापलेल्या तुकड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवून काढलेला फोटो, बिलाची प्रत