नाव सापडत नाही म्हणून तोटा झालाच नाही का?

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

सादर नमस्कार. खडेबाजारातील एका शेअर दलालाकडे मी अनेक वर्षे हिशेब लिहिले. कंपनीतील आतली खबर वापरून कोणी पैसे मिळवल्याची बातमी आली की आमच्याकडे एकच युक्तिवाद ऐकू येई: ‘विकणाऱ्यावर कोणी जबरदस्ती केली? तो तसाही विकणारच होता, मग बुडाले कोण?’

यातील अर्धी गोष्ट खरी आहे. समजा, कंपनीला मोठे काम मिळाल्याचे उद्या जाहीर होणार आहे, हे तिच्या लेखा विभागातील एकाला आजच कळले आणि त्याने 200 रुपये भावाने 10,000 शेअर घेतले. त्याच दिवशी शहापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी घराच्या दुरुस्तीसाठी 100 शेअर विकले. दुसऱ्या दिवशी भाव 240 झाला. शिक्षकांनी कोणत्याही परिस्थितीत विकलेच असते, त्यामुळे फसवले गेलेले तेच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पण बाजारातील एकूण शेअर त्या रात्रीत वाढलेले नसतात. बातमी फुटली त्या क्षणी या माणसाकडे जे 10,000 जास्तीचे शेअर होते, तेवढेच इतर सर्वांकडे मिळून कमी होते. कोणा खरेदीदाराला ते मिळाले नाहीत, किंवा किंचित वाढलेल्या भावाला भुलून कोणी ते विकून टाकले. म्हणजे त्याचे 4,00,000 रुपये इतरांच्याच वाट्यातून गेले, फक्त कोणाचे किती हे सांगता येत नाही. आमच्याकडे उसाच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीमागे थोडे थोडे वजन मारले, तर कोणत्या शेतकऱ्याचा किती ऊस गेला हे सिद्ध होत नाही, तरी काटामारी झालीच नाही असे कोणी म्हणत नाही. (निदान शेतकरी तरी म्हणत नाही.)

हे लिहिण्याचे कारण कायद्यात आहे. सेबी कायद्याच्या कलम 15जी नुसार अशा गुन्ह्याला किमान 10 लाख आणि कमाल 25 कोटी रुपये किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. या विस्तृत पट्ट्यात नेमका आकडा ठरवताना कलम 15जे प्रमाणे गैरवाजवी लाभ, गुंतवणूकदारांचे नुकसान आणि कृत्याची पुनरावृत्ती पाहिली जाते. नुकसानीच्या मुद्द्यावर मात्र आदेशांत बहुधा एकच वाक्य येते: उपलब्ध कागदपत्रांवरून नुकसान मोजता येत नाही. नावनिशीवार मोजता येत नाही हे खरे, पण एकूण बेरीज तर आरोपीच्या नफ्यातच लिहिलेली असते.

म्हणून विनंती अशी की, कलम 15जे मध्ये स्पष्टीकरण जोडून, आतल्या माहितीवरील व्यवहारांत मिळालेला नफा हेच इतर गुंतवणूकदारांचे नुकसान समजावे, अशी तरतूद करावी.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त हिशेबनीस, बेळगाव